स्क्रू कंप्रेसरचं तेल: मिनरल, ग्रुप ३, पीएओ की एस्टर? चौपट भाव द्यावा का?

अंबडचा_शॉपवाला

नमस्कार मंडळी. अंबडला आमचं सीएनसी जॉबवर्कचं शॉप आहे. ५० एचपीचा स्क्रू कंप्रेसर आहे, तेल २० लिटर बसतं, दोन शिफ्ट धरून महिन्याला साधारण ४०० तास चालतो. आजवर मिनरल तेल वापरत आलो. यंदा मे महिन्यात डिस्चार्ज टेम्परेचर ९८ पर्यंत जात होतं. तेल काढलं तेव्हा ते चहाच्या काढ्यासारखं काळपट होतं, आणि फिल्टरच्या घडीवर तपकिरी चकचकीत थर बसला होता, नखाने खरवडला तरी निघेना.

आता तेल बदलायचंय. चार भाव आलेत, चारही व्हीजी ४६. मिनरल २२० रुपये लिटर, २,००० तास. नुसतं 'सिंथेटिक' लिहिलेलं ४६०, ४,००० तास. 'फुल सिंथेटिक पीएओ' ८५०, ८,००० तास. आणि चौथा माणूस म्हणतो एस्टर घ्या, १,३०० रुपये, तेही ८,००० तास, वर 'मशीन आतून धुऊन निघेल'. ग्रेड एकच असताना भावात एवढा फरक का? आणि जास्तीचे पैसे खरंच वसूल होतात का?

बुलेटस्वार

दादा, मी गाडीत फुल सिंथेटिक इंजिन ऑइल टाकतो. इंजिन थंड राहतं, गिअर मऊ पडतो. ते ५५०-६०० ला मिळतं. कंप्रेसरमध्ये तेच टाका की, मधला मार्ग निघेल.

सातपूरकर

सिंथेटिक म्हणजे पीएओच, त्यामुळे ४६० वाला आणि ८५० वाला एकच माल देतायत, फक्त डबा वेगळा. ओळखायचं सोपं आहे. काचेच्या ग्लासात ओता, पाण्यासारखं पांढरंशुभ्र दिसलं तर सिंथेटिक, पिवळं दिसलं तर मिनरल. पण एक लक्षात ठेवा, जुन्या मशीनला सिंथेटिक टाकलं की सील गळतात. आमच्या शेजारच्या शेडमध्ये झालंय. माझ्या मते मिनरलच टाका आणि वेळेवर बदला.

वंगणकाका

माझं सगळं आयुष्य तेलाच्या लॅबमध्ये गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बुलेटस्वार यांचं. इंजिन ऑइल कंप्रेसरमध्ये टाकू नका. इंजिन ऑइलमध्ये घाण आणि पाणी पोटात धरून ठेवणारी रसायनं असतात, इंजिनात ती हवीच. कंप्रेसरमध्ये हवेतलं पाणी सतत तेलात येतं आणि ते तळाशी वेगळं पडायला हवं. इंजिन ऑइल ते वेगळं पडू देत नाही, शिवाय फेस धरतं, आणि तो फेस सेपरेटरमधून एअर लाइनमध्ये जातो. बेस कितीही उंची असला तरी हे बदलत नाही.

आता भावाचा फरक. व्हीजी ४६ हा आकडा फक्त ४० अंशाला तेल किती घट्ट आहे ते सांगतो. डब्यातल्या तेलाचा मोठा भाग बेस ऑइल असतो आणि चारही डब्यांत तो वेगळा असू शकतो. ग्रुप १ म्हणजे जुन्या पद्धतीने, सॉल्व्हंटने धुऊन काढलेलं. त्यात गंधक आणि अरोमॅटिक शिल्लक राहतात. ग्रुप २ मध्ये तेच क्रूडमधलं तेल दाबाखाली हायड्रोजनमधून काढतात, गंधक ०.०३ टक्क्यांच्या खाली येतं आणि ९० टक्क्यांहून जास्त रेणू संपृक्त होतात. हाच हायड्रोजनचा मार आणखी जोरात दिला, रेणू फोडून नव्याने रचले आणि व्हिस्कॉसिटी इंडेक्स, म्हणजे तापमान बदललं तरी घट्टपणा किती टिकतो त्याचा आकडा, १२० च्या वर गेला की ग्रुप ३. तिन्ही क्रूडमधूनच येतात.

पीएओ हा ग्रुप ४. तिथे सुरुवात इथिलीन वायूपासून होते. त्यातून डेसीन बनवतात आणि डेसीनचे तीन-चार रेणू जोडून तेल तयार होतं. एकसारखे रेणू, मेण नाही, गंधक नाही. पण डेसीन मर्यादित मिळतं, टप्पे जास्त, म्हणून भाव चढा. या चारांत न बसणारं सगळं ग्रुप ५. एस्टर तिथे, पीएजी तिथे, आणि नॅफ्थेनिकसारखं क्रूडमधलं तेलसुद्धा तिथेच. त्यामुळे नंबर मोठा म्हणजे माल भारी, असं धरू नका.

सातपूरकर, रंगाची परीक्षा चालणार नाही. ग्रुप २ सुद्धा पाण्यासारखं पांढरं असतं, आणि चांगल्या पीएओ तेलाला त्यातल्या अ‍ॅडिटिव्हमुळे पिवळट छटा येऊ शकते. आणि सिंथेटिक म्हणजे पीएओच, हेही आता खरं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीवर तक्रार केली होती. निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला आणि ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी झाली. म्हणून ४६० वाला बहुधा ग्रुप ३ देत असेल. त्यात फसवणूक नाही, मालही चांगला असतो. फक्त पीएओच्या भावाने घेऊ नका.

अंबडचा_शॉपवाला

काका, मनापासून आभार. मग डब्यात खरंच पीएओ आहे हे मी कसं पडताळू? आणि ८५० चा हिशेब कसा बसवायचा?

वंगणकाका

विक्रेत्याकडून दोन कागद मागा. एक टेक्निकल डेटा शीट आणि दुसरी सेफ्टी डेटा शीट. सेफ्टी शीटच्या तिसऱ्या भागात घटकांचे सीएएस नंबर असतात. 68037-01-4 दिसला तर तो डेसीनपासूनचा पीएओ. 64742-54-7 दिसला तर हायड्रोजनने शुद्ध केलेलं क्रूडमधलं तेल. हा दुसरा नंबर ग्रुप २ आणि ग्रुप ३ दोन्हींवर लागतो, तिथे फरक व्हिस्कॉसिटी इंडेक्सवरून करा. कंप्रेसर तेलात इंडेक्स वाढवणारं पॉलिमर सहसा टाकत नाहीत, त्यामुळे इंडेक्स १०० च्या आसपास असेल तर ग्रुप १ किंवा २, आणि १२५-१३० असेल तर ग्रुप ३ समजायला हरकत नाही. पीएओचा इंडेक्स थोडा वर जातो, पण खरा फरक पोअर पॉइंटला दिसतो. पीएओ उणे ४५ किंवा त्याखालीही वाहतं, ग्रुप ३ त्याच्या बरंच आधी थिजतं. नाशिकच्या थंडीत उणे ४५ चा उपयोग काहीच नाही, पण ओळख पटवायला आकडा कामाचा आहे. सेफ्टी शीटवर घटकांच्या जागी 'गोपनीय' एवढंच लिहिलं असेल तर दुसरा विक्रेता बघा.

हिशेब ८,००० तासांचा धरू, म्हणजे तुमचे वीस महिने.

मिनरल: चार वेळा २० लिटर, ८० लिटर, १७,६०० रुपये.
ग्रुप ३: दोन वेळा, ४० लिटर, १८,४०० रुपये.
पीएओ: एकदाच २० लिटर, १७,००० रुपये.
एस्टर: एकदाच २० लिटर, २६,००० रुपये.

पहिले तीन जवळजवळ सारखेच निघाले, यात नवल नाही. बाजारातले भावच तासांच्या हिशेबाने ठरतात. ऑइल फिल्टर आणि सेपरेटर तुम्ही त्यांच्या वेळेलाच बदलणार, तो खर्च सगळीकडे सारखा. म्हणजे कागदावर पीएओने तुमचा काही फार पैसा वाचत नाही.

फरक पडतो उष्णतेने. विक्रेते जे तास सांगतात ते ८५ अंशांच्या आसपासचे. तेलाचं ऑक्सिडेशन दर १० अंशांना साधारण दुप्पट होतं. ९८ अंशाला आयुष्य ढोबळमानाने चाळीस टक्क्यांवर येतं. मिनरलचे २,००० तास तिथे ८०० होतात, म्हणजे तुमचे दोन महिने. पीएओचे ८,००० होतात ३,२००, म्हणजे आठ महिने. नियम दोघांना सारखाच लागतो. पण मार्चमध्ये भरलेलं मिनरल मेमध्येच काढायला हवं, आणि ऐन डिस्पॅचच्या धावपळीत ते कोणी काढत नाही. फिल्टरवरचा तुमचा तपकिरी थर तिथून आला. त्याला वार्निश म्हणतात. पीएओचे जास्तीचे पैसे तुम्ही मुख्यतः त्या दोन-तीन महिन्यांसाठी देता.

अनेकांना वाटतं सिंथेटिक गरम झाल्यावर जास्त घट्ट राहतं म्हणून टिकतं. १०० अंशाला मिनरल व्हीजी ४६ साधारण पावणेसात सेंटिस्टोक असतं, पीएओ साधारण पावणेआठ. फरक आहे, पण आयुष्य चौपट होण्याचं कारण तो नाही. कारण रेणू लवकर जळत नाहीत हे आहे.

रेवती_सिन्नर

मी माळेगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. काकांनी सगळं नीट सांगितलंय, दोन गोष्टी जोडते, कारण त्या आम्हाला महाग पडल्या.

पहिली, आत्ता मशीनमध्ये काय आहे ते आधी शोधा. काही कंप्रेसरमध्ये कारखान्यातूनच पीएजी भरलेलं येतं. आमच्या एका मशीनमध्ये तसं होतं. सर्व्हिसवाल्याने न विचारता वरून मिनरल टॉपअप केलं, पाच-सहा लिटर. पीएजी आणि मिनरल एकमेकांत विरघळत नाहीत. काही आठवड्यांत सेपरेटरचं डिफरन्शियल प्रेशर ०.३ वरून १ बारच्या वर गेलं आणि मशीन ट्रिप व्हायला लागलं. उघडलं तर आत साबणाच्या लगद्यासारखा गाळ. कूलर, व्हॉल्व्ह, सगळं धुवावं लागलं. तेव्हापासून आम्ही जुनं आणि नवं तेल अर्धं-अर्धं काचेच्या बरणीत घालून, हलवून, रात्रभर गरम जागी ठेवतो. सकाळी दोन थर, ढगाळपणा किंवा तळाला गाळ दिसला तर मिसळत नाही. मिनरल आणि पीएओ आपसात छान मिसळतात, तिथे भीती नाही.

दुसरी, १,३०० वाल्या एस्टरबद्दल. ते जुना वार्निश सोडवतं हे खरं आहे. पण सुटलेला वार्निश कुठे जातो? फिल्टरमध्ये. पहिला फिल्टर लवकर भरतो, दुसरा हाताशी ठेवावा लागतो. आणि तेलाची थोडी वाफ हवेबरोबर पुढे जातेच. तुमच्या सीएनसी मशीनच्या मागे एफआरएल आहेत ना, त्यांची पारदर्शक वाटी पॉलीकार्बोनेटची असते. डायएस्टर लागून तिला आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात, मग दाबाखाली ती फुटते. आमच्या एका ऑपरेटरच्या डोक्याजवळून तुकडा गेला. एस्टर वापरायचंच असेल तर वाट्या धातूच्या करा.

वंगणकाका

रेवतीताई, बरं झालं हे लिहिलंत. एस्टरबद्दल आणखी थोडं. अंबडला जून ते सप्टेंबर हवा भरपूर दमट असते. काम कमी असेल आणि कंप्रेसर अनलोड जास्त चालत असेल तर तेल पुरेसं तापत नाही, आणि टाकीत पाणी साठतं. एस्टर अ‍ॅसिड आणि अल्कोहोल जोडून बनलेलं असतं. गरम तेलात पाणी राहिलं तर तो जोड उलटा सुटू लागतो आणि अ‍ॅसिड तयार होतं. पीएओमध्ये सुटायला असा जोडच नाही. सगळे एस्टर सारखे नाहीत, पॉलिऑल एस्टर डायएस्टरपेक्षा उष्णतेला चिवट असतात, पण तुमच्या कामाला ९०० रुपये वाचवण्यासाठीही मी एस्टरकडे जाणार नाही, आणि इथे तर ९,००० जास्त जातायत.

आता सातपूरकरांचा सीलचा मुद्दा. त्यात तथ्य आहे. मिनरलमधले अरोमॅटिक नायट्राइल रबरात शिरून त्याला किंचित फुगवतात. वर्षानुवर्षे सील त्या फुगलेल्या मापाला बसलेला असतो. नुसतं पीएओ उलट त्याला आकसवतं, आणि कडक झालेला जुना सील पाझरतो. म्हणूनच चांगले उत्पादक पीएओमध्ये थोडं एस्टर मिसळतात. एस्टर सील फुगवतं आणि पीएओत सहज न विरघळणारी अ‍ॅडिटिव्हही विरघळवून ठेवतं. त्यामुळे डेटा शीटवर पीएओबरोबर एस्टर दिसलं तर ती भेसळ समजू नका. एवढ्या थोड्या एस्टरने फार बिघडत नाही. मशीन दहा-बारा वर्षांचं असेल तर शाफ्ट सील नवा टाकून मगच बदल करा.

पिंपळगावचा_द्राक्षवाला

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. पिंपळगावला आमचं प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज आहे, अमोनियावर चालतं. आमचा रेफ्रिजरेशनवाला म्हणतो की कंप्रेसरमध्ये पीओई टाका, एसीवाले सगळे तेच वापरतात. मग आम्हीही एस्टरकडे जावं का?

वंगणकाका

दादा, थांबा. अमोनियात पीओई टाकायचं नाही. पीओई म्हणजे पॉलिऑल एस्टरच. आर-१३४ए सारख्या वायूंबरोबर ते विरघळतं म्हणून एसीवाले वापरतात, तिथे ते योग्यच आहे. अमोनिया मात्र एस्टरवर हल्ला करतो आणि घट्ट गाळ तयार होतो. अमोनियाला नॅफ्थेनिक, चांगलं हायड्रोट्रीटेड ग्रुप २ किंवा पीएओ. तुमच्याकडे तेल अमोनियात विरघळत नाही, जड असल्याने इव्हॅपोरेटरच्या तळाशी बसतं आणि तिथून ड्रेन करावं लागतं. म्हणून तिथे पोअर पॉइंट खरंच कामाचा. मेण असलेलं तेल थंडीत घट्ट झालं तर ड्रेनच होत नाही. द्राक्षाच्या तापमानाला नॅफ्थेनिक पुरतं. खूप खाली, फ्रोझन मालावर जाणार असाल तर पीएओचा विचार करा.

पिंपळगावचा_द्राक्षवाला

धन्यवाद काका. सीझन सुरू व्हायच्या आत विचारलं ते बरं झालं. ऑर्डर थांबवतो.

सातपूरकर

काका, रंगाचं आणि नावाचं पटलं. पण एक राहिलं. मला पीएओवाल्याने सांगितलं की विजेचं बिल पाच-सात टक्के कमी येतं. तसं असेल तर सगळा हिशेबच बदलतो, ५० एचपीला विजेपुढे तेलाचा खर्च काहीच नाही.

वंगणकाका

व्हीजी ४६ च्या जागी व्हीजी ४६ टाकल्यावर पाच-सात टक्के वाचतील असं मला पटत नाही. स्क्रू कंप्रेसरमध्ये बहुतेक वीज हवा दाबायला जाते, तेलाच्या घर्षणाला थोडीच. वार्निश बसलेला कूलर आणि गच्च झालेला सेपरेटर साफ झाला की वीज कमी होते, आणि तो नेमका तेल बदलतानाच बदलला जातो. श्रेय तेलाला मिळतं.

रेवती_सिन्नर

मी इथे पूर्ण सहमत नाही. आम्ही सेपरेटर आधी बदलून, महिनाभर मीटर लावून, मग पीएओ टाकलं होतं. थोडा फरक दिसला. पाच टक्के नक्की नाही, पण शून्यही नाही. अर्थात त्या काळात हवापाणी बदललं होतं आणि लोडही अगदी सारखा नव्हता, त्यामुळे आकडा ठामपणे सांगू शकत नाही.

वंगणकाका

शक्य आहे. सारखा लोड आणि सारखं आत येणाऱ्या हवेचं तापमान धरून कोणी मोजलं असेल तर इथे जरूर टाका. माझ्याकडे तसं मोजमाप नाही.

अंबडचा_शॉपवाला

माझ्यापुरतं सांगतो. सेफ्टी शीट मागवल्या. ८५० वाल्याच्या शीटवर 68037-01-4 आहे आणि सोबत थोडं एस्टर. ४६० वाल्याच्या शीटवर 64742-54-7, इंडेक्स १२७. एस्टरवाला बाद. पण रेवतीताई, कूलरचं तुम्ही काही लिहिलं नाही. ९८ अंश तेलामुळे होतं की कूलरमुळे?

रेवती_सिन्नर

बहुतेक कूलरमुळे. शॉपमध्ये कूलंटची वाफ हवेत असते, ती कूलरच्या पंखांवर बसते आणि त्यावर धूळ चिकटते. बाहेरून साफ दिसतो, टॉर्च लावून आरपार बघा, उजेड दिसतो का. आतल्या बाजूने उलट दिशेने हवा मारा, चिकट असेल तर डिग्रीजर. आमच्याकडे नुसत्या धुण्याने आठ-नऊ अंश उतरले होते. गरम हवा बाहेर नेणारी डक्ट आहे का तेही बघा, नाहीतर कंप्रेसर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो.

अंबडचा_शॉपवाला

डक्ट नाही, खोलीतच सोडलीय. मग आधी डक्ट आणि कूलर. त्यानंतर डिस्चार्ज ८८-९० च्या आत राहिलं तर ग्रुप ३ टाकावं असं वाटतंय, पीएओ नको. काका, चालेल?

वंगणकाका

चालेल. पण ४,००० तास डोळे झाकून जाऊ नका. पहिल्यांदा २,००० तासांना नमुना लॅबला द्या. टोटल अ‍ॅसिड नंबर नव्या तेलापेक्षा १ ने वाढला तर बदलायची तयारी करा, २ ने वाढला तर लगेच काढा. घट्टपणा दहा-पंधरा टक्क्यांनी वाढला तरी तेच. यासाठी नव्या तेलाचा नमुनाही डबा उघडतानाच अर्धा लिटर बाजूला ठेवा. तो नसेल तर तुलना कशाशी करणार?

नमुना मशीन तासभर लोडवर चालल्यावर, बंद करून, दाब पूर्ण उतरल्यावर लगेच घ्या. ड्रेनमधून पहिलं पाव लिटर वेगळ्या डब्यात सोडा, मग स्वच्छ कोरड्या बाटलीत भरा. आणि पावसाळ्यात सोमवारी सकाळी, मशीन सुरू करण्याआधी टाकीतला दाब शून्य आहे ना ते बघा आणि ड्रेन हळूच सैल करा. रविवारभरात तळाशी बसलेलं पाणी आधी येईल, तेल दिसलं की बंद करा.

अंबडचा_शॉपवाला

ठीक. कूलरवाला शनिवारी येतोय. डक्ट झाल्यावर टेम्परेचर इथेच टाकतो.